पातेल्याच्या तळाशी उरलेला भात

खानावळीत अन्न तीन ठिकाणी वाया जाते. काही भाजी निवडताना आणि साठवणीत जाते, काही शिजून पातेल्यात उरते आणि काही गिऱ्हाइकाच्या ताटात खरकटे म्हणून राहते. रात्री हे सगळे एकाच बादलीत ओतले जात असल्यामुळे मालकाला फक्त भरलेली बादली दिसते आणि ‘लोक फार टाकतात’ असा निष्कर्ष निघतो. बहुतेक छोट्या स्वयंपाकघरांत तो चुकीचा असतो. ताटातले खरकटे चारचौघांत दिसते, म्हणून त्याची चर्चा होते. पातेल्यात उरलेला भात झाकणाखाली असतो, त्यामुळे त्याची चर्चा होत नाही.

पुणे–सोलापूर रस्त्यावरच्या लोणी काळभोरमधील एका खानावळीचा अनुभव यासाठी पाहण्यासारखा आहे. या गावात गिऱ्हाइकांचे निरनिराळे प्रकार एकत्र आलेले आहेत. तेल कंपन्यांच्या डेपोंमुळे टँकरचे चालक येतात, राजबागेतल्या विद्यापीठामुळे विद्यार्थी राहतात, आणि शिवाय रस्त्यावरून जाणारा-येणारा प्रवासी असतोच. विद्यार्थी महिन्याच्या बोलीवर डबा लावतो. टँकरचालक गाडी भरून झाली की जेवायला येतो, आणि ती दुपारी बाराला भरेल की तीनला, हे त्यालाही ठाऊक नसते. या खानावळीत दुपारी सत्तर डबे जात आणि सरासरी पन्नास ताटे बसून जेवत. मालक-मालकीण, पोळ्यांच्या दोन मावशी, एक आचारी, वाढायला दोन मुले आणि भांडी घासायला एक बाई, एवढाच पसारा.

सुरुवात काट्याने झाली. एका बादलीच्या जागी तीन बादल्या आल्या: एक निवडणीची, एक पातेल्यातल्या उरल्याची आणि एक खरकट्याची. आठवडाभर दोन्ही वेळच्या जेवणानंतर प्रत्येक बादली तोलून वजन भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या-त्या चौकटीत लिहिले गेले. पहिल्या दोन दिवसांत आचाऱ्याने हात आखडता घेतला, कारण आपल्यावर नजर ठेवली जात आहे असे त्याला वाटले. तिसऱ्या दिवसापासून तो नेहमीसारखा रांधू लागला. म्हणून पहिल्या दोन दिवसांचे आकडे धरू नयेत. आठवड्याअखेर चित्र स्पष्ट झाले. दुपारच्या जेवणात सगळ्यांत जड बादली पातेल्याची होती आणि तिच्यातही सगळ्यांत जास्त भात होता, रोज पाच किलोच्या आसपास. खरकट्याची बादली जेमतेम त्याच्या निम्मी भरे.

भात उरत होता याचे कारण आचाऱ्याचे माप. तो ‘एक टोप’ तांदूळ घाले. टोप अकरा किलोचा होता, खानावळ सुरू झाली तेव्हा घेतलेला, आणि सत्तर डब्यांना तो पुरतो हे एकदा ठरले तेव्हापासून त्यात बदल झाला नव्हता. भात कमी पडला तर मालक बोलतो आणि उरला तर कोणी बोलत नाही. अशा स्थितीत कुठलाही शहाणा आचारी जास्तच शिजवेल. तेव्हा हा दोष आचाऱ्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

अंदाज बांधण्याआधी दोन गोष्टी मोजाव्या लागतात. एक म्हणजे किलोभर तांदळाचा भात किती होतो. रिकाम्या पातेल्याचे वजन त्याच्या कडेवर रंगाने लिहून ठेवले की भातासकट पातेले तोलून हे लगेच कळते. या खानावळीतल्या कोलमचा एका किलोला दोन किलो सातशे ग्रॅम भात निघे. दुसरी गोष्ट म्हणजे माणूस खरोखर किती खातो. डब्यात भात मोजूनच जातो, तो दोनशे ग्रॅम होता. ताटावर बसणाऱ्याचा भात पहिल्या वाढीला आणि नंतर मागितलेला असा मिळून सरासरी दोनशेवीस ग्रॅम निघाला. कोणी दोनदा घेई, कोणी चपात्यांवरच भागवी. पन्नास माणसांत हे आपोआप जमून येते. पाच माणसांत येत नाही, म्हणून हा हिशेब अगदी छोट्या घरगुती डब्यांना तसाच लावू नये.

आता एका मंगळवारचा अंदाज. त्याआधीच्या चार मंगळवारी बसून जेवलेली ताटे कॅलेंडरवर होती: 48, 52, 39 आणि 49. कालच्या सोमवारचा आकडा उपयोगाचा नाही, कारण आठवड्याच्या प्रत्येक वाराचा स्वभाव वेगळा असतो. शुक्रवारी संध्याकाळी विद्यार्थी गावी निघतात आणि सोमवारी सकाळी परततात, हे पोळ्या लाटणाऱ्या मावशींनाही पाठ असते. चार मंगळवारांपैकी 39 चा मंगळवार अंगारकीचा होता, म्हणून तो सोडून दिला. उरलेल्या तिन्हींची सरासरी जवळपास पन्नास येते. सत्तर डब्यांपैकी चौघांनी सकाळी नऊच्या आत ‘आज नको’ असा निरोप मोबाइलवर पाठवला होता, म्हणजे डबे सहासष्ट. सहासष्ट डब्यांचा भात तेरा किलो दोनशे ग्रॅम आणि पन्नास ताटांचा अकरा किलो, एकूण चोवीस किलो दोनशे ग्रॅम. त्याला तांदूळ लागतो नऊ किलो. टोप अकरा किलोचा होता. दोन किलो जादा तांदळाचा भात होतो पाच किलो चारशे ग्रॅम, आणि पातेल्याच्या बादलीत रोज तेवढाच भात सापडत होता. हिशेब इतका नेमका जुळल्यावर आचाऱ्याची हरकत संपली.

नऊ किलोही एकदम शिजवायचे नाहीत. पहिला भात साडेसहा किलोचा. डबे भरून झाले की पातेल्यात चार-साडेचार किलो भात राहतो, म्हणजे वीसेक ताटांचा. बाकीचा अडीच किलो तांदूळ कोरडाच मोजून डब्यात तयार असतो, धुतलेलाही नसतो. पाऊण वाजता टेबले किती भरली आहेत हे पाहून तो सगळा लावायचा, की दीड किलोच लावायचा, की तसाच ठेवायचा हे ठरते. भात व्हायला पंचवीस मिनिटे लागतात, म्हणून पातेले रिकामे होईपर्यंत थांबून चालत नाही. खूण अशी ठरली की पातेल्याच्या आतल्या दुसऱ्या खिळ्यापर्यंत भात खाली आला की निर्णय घ्यायचा. आकड्यांपेक्षा ही खिळ्याची खूण मुलांना लवकर कळली.

सगळेच पदार्थ असे दोन हप्त्यांत होत नाहीत. चपाती मागेल तशी भाजता येते. तेव्हा प्रश्न चपातीचा नसून कणकेचा असतो. मळलेली कणीक फ्रीजमध्ये संध्याकाळपर्यंत टिकते, पण काळी पडते आणि तिची चपाती वातड होते, म्हणून ती दोनदा मळणेच बरे. आमटीसाठी डाळ एकदम शिजवून घ्यायची, पण फोडणी निम्म्या डाळीलाच द्यायची. नुसती शिजवलेली डाळ लगेच निववून फ्रीजमध्ये ठेवली तर संध्याकाळी उपयोगी पडते. वाटण आणि फोडणी पडलेली आमटी संध्याकाळी शिळी लागते आणि गिऱ्हाईक ते पहिल्या घासाला ओळखते. सुकी भाजी मात्र एकदाच होते. तिला दुसरा हप्ता नसतो, म्हणून भाजीचा अंदाज जरा कमीच ठेवावा लागतो.

कमी ठेवायचा म्हटल्यावर भीती उभी राहते ती अडीच वाजता येणाऱ्या टँकरचालकाची. भाजी संपली आणि तो उपाशी परतला तर तो पुन्हा येत नाही, आणि त्याच्याबरोबरचे चौघेही येत नाहीत. इथे खानावळीचा खरा आधार पिठले आहे. डाळीचे पीठ डब्यात महिनाभर टिकते आणि कांदा-मिरची घरात असतेच. फोडणीपासून ताटात पडेपर्यंत दहा-बारा मिनिटे पुरतात. शिवाय ‘भाजी संपली, गरम पिठले टाकतो’ असे सांगितले तर नाक मुरडणारा माणूस या रस्त्यावर क्वचितच भेटतो. मागे पिठले उभे आहे म्हणूनच भाजीचा अंदाज आवळता येतो. ज्या स्वयंपाकघरात दहा मिनिटांत होणारा, कोरड्या सामानाचा असा एक पदार्थ ठरलेला नाही, तिथे अंदाज कितीही नीट बांधला तरी आचारी धास्तीपोटी जास्तच शिजवतो.

अंदाज सगळ्यांत जास्त चुकतो तो सणावारांना. अंगारकीचा अनुभव बोलका आहे. थेऊरचा चिंतामणी जवळ असल्यामुळे त्या दिवशी रस्त्यावर गर्दी दिसते, आणि पहिल्या वर्षी ती गर्दी पाहून मालकाने तांदूळ वाढवला. गर्दी होती ती उपवासाची. तिने चहा प्यायला, साबुदाण्याची खिचडी मागितली आणि भात तसाच राहिला. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, महाशिवरात्र या प्रत्येक दिवशी माणसे तेवढीच राहतात आणि ताट बदलते. म्हणून अंदाजाच्या वहीत इंग्रजी तारखेबरोबर तिथी लिहिणे गरजेचे आहे. गेल्या वर्षीच्या त्याच तारखेचा आकडा पाहिला तर तिथी दहा-अकरा दिवस सरकलेली असते, अधिक महिना आला तर त्याहून जास्त. तिथी, सण आणि मोकळी चौकट एकाच पानावर देणारे भिंतीवरचे कॅलेंडर या कामासाठी कुठल्याही छापील तक्त्यापेक्षा सोयीचे ठरले. दुधाचा हिशेब आपल्याकडे त्यावर पूर्वीपासून लिहिला जातोच.

या गावाचा आणखी एक दिवस सगळ्या सरासऱ्यांच्या बाहेरचा आहे. आषाढी वारीला निघालेल्या संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा पुण्यानंतरचा मुक्काम लोणी काळभोरला असतो. त्या दिवशी वाहतूक वळवली जाते, टँकर येत नाहीत, गावात घरोघरी वारकऱ्यांसाठी चुली पेटतात आणि विद्यार्थीही त्या पंगतीत जेवून येतात. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि खानावळ मोकळी असते. त्या दिवशी फक्त डबे धरायचे, बसणाऱ्यांसाठी काहीच आधी शिजवायचे नाही, असा नियम दुसऱ्या वर्षापासून झाला.

वाढण्याच्या मापाचा विषय नाजूक आहे. महाराष्ट्रात मोजून वाढणे हे कंजूषपणाचे लक्षण मानले जाते आणि वाटीने थापून घातलेला भात पाहिला की माणसाचा चेहरा पडतो. म्हणून माप गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर दिसता कामा नये. ते वाढणाऱ्याच्या हातातल्या डावात असले पाहिजे. या खानावळीत तीन वेगवेगळ्या आकारांचे डाव होते आणि जो हाती लागेल त्याने वाढले जाई. मोठ्या डावाने एका वेळी दीडशे ग्रॅम भात पडे, लहानाने नव्वद. मोठे दोन्ही काढून टाकले. पहिली वाढ लहान डावाने दीड, आणि ताट अर्धे झाले की वाढप्याने स्वतः जाऊन ‘भात आणू?’ असे विचारायचे. हे विचारणे महत्त्वाचे आहे. मुलांनी ते टाळले तर गिऱ्हाईक पहिल्याच वेळी ‘जास्त टाक’ म्हणते आणि सगळे मुसळ केरात जाते. आठ दिवसांत ताटातला भात निम्म्यावर आला, पण तक्रारी आल्या त्या नेमक्या वाढप्याने विचारायचा कंटाळा केला त्या दिवशी.

डब्याचे गणित वेगळे असते, कारण डब्यात दुसरी वाढ नसते. माणूस उपाशी राहू नये म्हणून सगळ्यांना सारखेच भरपूर भरले जाते, आणि कमी खाणाऱ्याचे रोज वाया जाते. इथे परत आलेला डबा हाच पुरावा. पूर्वी डबे थेट घासायला जात. आता भांडी घासणाऱ्या बाईंनी डबा उघडल्यावर जे शिल्लक दिसेल ते खरकट्याच्या बादलीत टाकण्याआधी तोंडी सांगायचे ठरले, आणि मालकीण डब्याच्या क्रमांकापुढे एक खूण करी. पंधरा दिवसांत दोन गोष्टी कळल्या. वीस-बावीस डब्यांतून रोज एक तरी चपाती परत येते, आणि दुधी व कोबीच्या दिवशी भाजीची वाटी निम्मी भरलेली असते. पहिल्यावर उपाय म्हणून तीन चपात्यांचा आणि चार चपात्यांचा असे दोन डबे झाले, तीन चपात्यांचा महिन्याला थोडा स्वस्त. दुधी मात्र बंद केला नाही. तो स्वस्त असतो आणि आठवड्याचा मेळ त्यावर बसतो. दुधीची वाटी लहान केली आणि त्या दिवशी शेंगदाण्याची चटणी जोडली. चटणीची वाटी कधीच परत आली नाही.

साठवणीतली नासाडी वजनाने कमी, पण ती बहुधा खरेदीच्या वेळीच होऊन बसलेली असते. मांजरीच्या उपबाजारात किंवा मार्केट यार्डात भाव उतरला की वीस किलोचा टोमॅटोचा क्रेट उचलावासा वाटतो. समजा क्रेट तीनशेला मिळाला, म्हणजे किलोला पंधरा. नाक्यावर तोच टोमॅटो वीसला आहे. स्वयंपाकात बारा किलो वापरला गेला आणि आठ किलो नासला, तर खाल्लेला टोमॅटो पंचवीसला पडला. क्रेट घ्यायचा की नाही हे भावावर ठरत नाही, चार दिवसांत खप किती यावर ठरते. पालेभाजीला तर चार दिवसही मिळत नाहीत. मेथी-कोथिंबीर ओली असताना पिशवीत कोंबली तर दुसऱ्या दिवशी आतून चिकट होते. देठ बांधलेले तसेच ठेवून, न धुता, वर्तमानपत्रात गुंडाळली तर तीन दिवस निभावते. कांदा आणि बटाटा एका कोपऱ्यात ठेवू नये. बटाट्याला लवकर मोड येतात. पावसाळ्यात पोती भिंतीला टेकली की खालच्या बाजूने ओल धरतात, म्हणून ती लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवावी लागतात.

फ्रीजमध्ये मुख्य चूक एकच होते. नवे सामान पुढे ठेवले जाते आणि जुने मागे ढकलले जाते. मागचे मग वास आल्यावरच सापडते. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून त्यावर तारीख लिहिणे आणि नवे नेहमी मागून आत सरकवणे, एवढ्याने काम भागते. पट्टी लावायची सवय मात्र महिनाभर पाठपुरावा केल्याशिवाय लागत नाही. पट्टी आणि पेन फ्रीजच्या दारालाच दोरीने बांधून ठेवल्यावर ती लागली. आधी पेन गल्ल्यावर असे आणि तिथपर्यंत कोणी जात नसे.

उरलेल्या अन्नाचे काय करायचे, याला मर्यादा आहेत. फोडणीचा भात आणि फोडणीची पोळी आपल्याकडे घरोघरी होते, पण घरची दहा पोळ्यांची गोष्ट आणि खानावळीतला पाच किलो भात यांत फरक आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीज असते आणि ते शिजवल्यावरही मरत नाही. भात कोमट राहिला की ते वाढते आणि त्याने केलेले विष पुन्हा तापवूनही जात नाही. खोल पातेल्यात झाकून ठेवलेला भात मध्यभागी कित्येक तास कोमट राहतो. म्हणून दुपारचा भात वापरायचाच असेल तर तो उरताक्षणी परातींत पातळ पसरून, दोन तासांच्या आत गार करून फ्रीजमध्ये गेला पाहिजे. तीन वाजेपर्यंत पातेल्यातच राहिलेला भात टाकायचा, मग तो कितीही चांगला दिसो. ताटात वाढलेले काहीही पुन्हा वापरायचे नाही, यावर चर्चाच नाही. गोठ्याला देण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण गाईला एकदम बादलीभर भात घातला तर तिचे पोट बिघडते. गोठेवाल्याला ते ठाऊक असते आणि तो थोडेच नेतो.

दोन महिन्यांनंतर पातेल्याच्या बादलीत दुपारी दीड किलोच्या आसपास भात उरू लागला. तो शून्यावर आणायचा प्रयत्न एक आठवडा झाला आणि त्या आठवड्यात दोनदा भात कमी पडला, म्हणून सोडून दिला. वाचलेला तांदूळ दुपारच्या एका वेळचा, महिन्याच्या सव्वीस दिवसांचा, छत्तीस किलोच्या जवळ जातो. पंचवीस किलोच्या पोत्याने मोजले तर सुमारे दीड पोते. अकरा किलोचा टोप अजून फळीवर आहे. त्यात आता चिरलेली कोबी ठेवतात.